आईवडिलांचं ग्रीन कार्ड: ‘पब्लिक चार्ज’ची फाइल कशी बांधायची, कुठल्या क्रमाने

अमेरिकेत नागरिक झालेली मुलं आईवडिलांसाठी अर्ज करतात, दोन-चार महिने फॉर्म भरतात आणि मुंबईच्या मुलाखतीत खिडकीपलीकडून एक कागद हातात पडतो: आर्थिक हमीचा पुरावा अपुरा, अमुक-तमुक जमा करा. घरी फोन जातो. मुलगी म्हणते, “पण माझा पगार तर पुरेसा आहे!”

पगार बहुतेकदा पुरेसा असतोच. चूक होते ती प्रश्न एकच आहे असं समजण्यात. अधिकारी दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासतो. आधी हमीपत्राचं, म्हणजे आय-864चं, गणित बसतं का ते पाहतो. हे गणित बसलं नाही तर गाडी पुढे सरकतच नाही. ते बसल्यावर तो अर्जदाराकडे माणूस म्हणून पाहतो. वय काय, तब्येत कशी, घरात कोण आहे, शिक्षण-कौशल्य किती, स्वतःच्या नावावर काय आहे, हे सगळं एकत्र धरून तो ठरवतो की ही व्यक्ती पुढे जगण्यासाठी सरकारी रोख मदतीवर किंवा सरकारी खर्चाच्या दीर्घकालीन संस्थेवर अवलंबून राहील का. अशा अवलंबून राहणाऱ्यालाच ‘पब्लिक चार्ज’ म्हणतात. आपली मंडळी पहिल्या भागावर महिनेच्या महिने घालवतात आणि दुसऱ्यासाठी एक कागदही नेत नाहीत.

हा लेख एकाच प्रकारच्या प्रकरणाबद्दल आहे: मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक, आईवडील भारतात, मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात. उदाहरणासाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. वडील 71 वर्षांचे, साताऱ्यात राहणारे, निवृत्त. मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे. आई 66 वर्षांची, तब्येत ठीक. मुलगी न्यू जर्सीत शाळेत नोकरी करते, वर्षाला 46,000 डॉलर. जावयाचा स्वतःचा धंदा आहे, गेल्या वर्षी तो तोट्यात गेला. दोन लहान मुलं आहेत.

## टप्पा 1: आधी माणसं मोजा

पगाराच्या स्लिपा नंतर काढा. पहिला आकडा लागतो तो घरातल्या माणसांचा, आणि निम्म्या फाइली इथेच घसरतात.

मोजायचे ते असे: स्पॉन्सर स्वतः, नवरा किंवा बायको, 21 वर्षांखालची सगळी अविवाहित मुलं (ती वेगळ्या गावी राहत असली तरी), टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेले इतर अवलंबित, ज्यांच्यासाठी पूर्वी आय-864वर सही केली आणि ती जबाबदारी अजून चालू आहे असे लोक, आणि आता येणारी व्यक्ती.

आईवडिलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरली जाते. दोघांचे अर्ज स्वतंत्र असतात. वडिलांच्या अर्जात आई आपोआप येत नाही, म्हणून हमीपत्रंही दोन लागतात. आता वडिलांच्या हमीपत्रात आईला मोजायचं का? फॉर्मच्या ओळी काटेकोर वाचल्या तर यावर वाद घालता येतो. मी वाद घालत नाही. दोघं एकत्र निघणार असतील तर दोन्ही फॉर्मचं गणित दोघांना धरून बसवा. अधिकाऱ्याच्या समोर दोन्ही फाइली एकदमच असतात.

आपल्या उदाहरणात मुलगी, जावई, दोन मुलं, आई आणि वडील मिळून सहा जण झाले.

तपासा: गेल्या दहा-पंधरा वर्षांत आणखी कुणासाठी आय-864वर सही केली होती का? सहीची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. ती व्यक्ती नागरिक झाली, तिच्या खात्यात कामाच्या 40 तिमाह्या जमा झाल्या, ती कायमची देश सोडून गेली आणि तिने ग्रीन कार्ड सोडलं, किंवा ती वारली, तरच संपते. पहिल्या बायकोसाठी केलेली सही विसरलेले स्पॉन्सर मी पाहिले आहेत.

## टप्पा 2: रेषा कुठे आहे ते पाहा

उत्पन्न सरकारी गरिबी रेषेच्या 125 टक्के असावं लागतं. 2025च्या आकड्यांप्रमाणे दोन माणसांच्या घराला 26,437 डॉलर, चार माणसांना 40,187 आणि सहा माणसांना 53,937 डॉलर. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आहेत. रेषा दरवर्षी बदलते. त्यामुळे सही करता त्या दिवशी आय-864पी या तक्त्यावर चालू वर्षाचे आकडे पाहून घ्या, कुणाच्या जुन्या फाइलीतून उचलू नका.

सहा जणांसाठी 53,937 हवेत आणि मुलीचा पगार आहे 46,000. म्हणजे 7,937 डॉलर कमी पडतात.

आता एक सापळा. मुलीने नवऱ्याबरोबर एकत्र टॅक्स रिटर्न भरलंय. धंद्यातला तोटा वजा होऊन रिटर्नवरचं एकूण उत्पन्न 31,000 झालंय. फॉर्ममध्ये तिने ‘सध्याचं वार्षिक उत्पन्न’ म्हणून 46,000 लिहिले आणि पुराव्यादाखल फक्त रिटर्न जोडलं, तर अधिकाऱ्याला दोन न जुळणारे आकडे दिसतात आणि तो कागद मागतो. अशा वेळी तिचा स्वतःचा डब्ल्यू-2, म्हणजे नोकरी देणाऱ्याने दिलेला वर्षभराच्या पगाराचा दाखला, गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि शाळेचं पत्र हवं. पत्रात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि वार्षिक पगार असावा. सोबत चार ओळींचं निवेदन: एकूण आकडा नवऱ्याच्या धंद्यातल्या तोट्यामुळे कमी दिसतो, माझा पगार इतका आहे.

उलटी चूकही तितकीच होते. नवरा-बायको दोघंही कमावतात, एकत्र रिटर्न भरतात, आणि बायको दोघांचं मिळून उत्पन्न स्वतःच्या रकान्यात लिहून टाकते. नवऱ्याचं उत्पन्न मोजायचं असेल तर त्याने आय-864ए या फॉर्मवर वेगळी सही करावी लागते. ती नसेल तर त्याचा पगार मोजलाच जात नाही.

सावधान: वडिलांची भारतातली पेन्शन मुलीच्या उत्पन्नात मिळवू नका. येणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न हमीपत्रात धरण्यासाठी ती व्यक्ती स्पॉन्सरच्या घरी राहत असावी लागते, आणि तेच उत्पन्न अमेरिकेत आल्यावरही चालू राहायला हवं. साताऱ्यात राहणारे वडील पहिल्या अटीतच बसत नाहीत. पेन्शनचा कागद मात्र फेकू नका, तो टप्पा 5मध्ये लागणार आहे.

## टप्पा 3: तूट असेल तर ती मालमत्तेने भरा

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, पण डॉलरला डॉलर नाही. आईवडिलांच्या बाबतीत तुटीच्या पाचपट मालमत्ता लागते. (नागरिक स्वतःच्या जोडीदाराला किंवा 18 वर्षांवरच्या मुलाला आणत असेल तर तिप्पट पुरते. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘तीनपट’चा आकडा तिथला आहे.)

आपल्या उदाहरणात 7,937 गुणिले 5, म्हणजे 39,685 डॉलर लागतील. मालमत्ता मुलीची असू शकते, आय-864ए भरणाऱ्या घरच्या माणसाची असू शकते, किंवा येणाऱ्या आईवडिलांचीही. वडिलांकडे 38 लाखांची मुदत ठेव आहे. डॉलरचा दर 85 धरला तर ती साधारण 44,700 डॉलर होते. तूट भरून निघाली.

आता ही ठेव मोजली जावी म्हणून काय लागतं ते पाहू.

अट अशी की मालमत्ता एका वर्षात, मोठं नुकसान न होता, रोखीत बदलता आली पाहिजे. मुदत ठेव या परीक्षेत सहज पास होते. बँकेचं पत्र घ्या: खातं कधी उघडलं, गेल्या 12 महिन्यांतली जमा-खर्चाची नोंद, आजची शिल्लक, आणि ठेवीवर कर्ज काढलेलं नाही असा उल्लेख. दोन्ही फॉर्ममध्ये हीच ठेव वापरायची असल्यामुळे ती आई आणि वडील दोघांच्या नावे असेल तर बरं. आईच्या फाइलीत केवळ वडिलांच्या नावची ठेव लावली की उगाच प्रश्न निघतो. पैसा भारतातून बाहेर नेता येतो हेही एका ओळीत सांगा. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. चाळीस हजार डॉलर त्या मर्यादेच्या कितीतरी आत आहेत.

फ्लॅटही चालतो, पण धिम्या गतीने. सरकारमान्य व्हॅल्युअरचा ताजा अहवाल, इंडेक्स-टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र. किमतीतून कर्ज वजा करून उरतं तेवढंच धरायचं. फ्लॅटवर भाऊ-बहिणींचं नाव असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा.

शेतजमिनीवर भरवसा ठेवू नका. सातबाऱ्यावर पाच चुलत भावांची नावं, वाटणी झालेली नाही, आणि महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते. अशी जमीन वर्षभरात विकून पैसा हातात येईल हे अधिकाऱ्याला पटवणं अवघडच. त्याला पटलं तर चांगलंच, पण तुमचं गणित त्याच्याशिवाय बसलं पाहिजे. गाडीचंही तसंच: घरातली एकमेव गाडी मोजत नाहीत.

सीएने दिलेलं ‘नेटवर्थ सर्टिफिकेट’ हा आपल्याकडचा लाडका कागद. एका पानावर सोनं, जमीन, फ्लॅट, ठेवी, सगळ्याची बेरीज आणि खाली शिक्का. सोबतीला चालेल. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे मूळ कागद नसेल तर त्याला फारसं वजन नाही.

सावधान: मुलाखतीच्या महिनाभर आधी नातेवाइकांकडून पैसे घेऊन ठेव फुगवू नका. 12 महिन्यांच्या नोंदीत ते लगेच दिसतं, आणि मग खऱ्या ठेवीवरचाही विश्वास उडतो.

मालमत्ताही नसेल तर संयुक्त स्पॉन्सर हा मार्ग उरतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा, अमेरिकेत राहणारा असावा. नातं असण्याची गरज नाही. त्याचं उत्पन्न मात्र त्याच्या घरची माणसं अधिक येणारी व्यक्ती यांच्यासाठी एकट्याने पुरलं पाहिजे. मुलीच्या 46,000मध्ये त्याचे काही हजार मिळवून रेषा गाठता येत नाही. आणि त्याला सही करायला सांगण्याआधी टप्पा 1मधली यादी वाचून दाखवा, म्हणजे ही सही किती वर्षं चिकटते ते त्याला आधीच कळेल.

## टप्पा 4: तब्येतीची फाइल, लपवाछपवी न करता

इथून दुसरा भाग सुरू होतो. मुलाखतीच्या आधी मुंबईत दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. हे डॉक्टर व्हिसा देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते अहवाल लिहितात. संसर्गजन्य क्षयासारखी गोष्ट ‘क्लास ए’मध्ये जाते आणि व्हिसा तिथेच अडतो. मधुमेह, हृदयविकार यांसारखं गंभीर पण अडथळा न ठरणारं ते ‘क्लास बी’मध्ये. लोक ‘बी’ वाचून सुटकेचा श्वास सोडतात. पण अधिकारी पब्लिक चार्ज ठरवताना याच नोंदीकडे पाहतो.

नोव्हेंबर 2025मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने दूतावासांना पाठवलेल्या सूचनेनंतर हे जास्तच काटेकोर झालं आहे. हृदयविकार, श्वसनाचे आजार, कर्करोग, मधुमेह, चयापचयाचे आणि मज्जासंस्थेचे आजार, मानसिक आजार यांवर पुढच्या आयुष्यात किती खर्च येईल आणि तो अर्जदाराकडचा किंवा घरचा पैसा सोसेल का, हे पाहायला त्यात सांगितलं आहे. लठ्ठपणाचाही उल्लेख आहे. आजार असणं म्हणजे नकार नव्हे. आजार आहे आणि त्याच्या खर्चाबद्दल फाइलीत एक शब्दही नाही, अशी स्थिती नको.

वडिलांसाठी साताऱ्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घ्या. त्यात आजार कधीपासून, स्टेंट कोणत्या वर्षी, त्यानंतर रुग्णालयात भरती व्हावं लागलं का, गेल्या वर्षभरातले साखरेचे आणि एचबीएवनसीचे आकडे, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, आणि ते स्वतःची कामं स्वतः करतात का, एवढं असावं. ‘पेशंट इज फिट टू ट्रॅव्हल’ या वाक्याचा इथे उपयोग नाही. ते विमान कंपनीसाठी असतं. अधिकाऱ्याला कळायला हवं की आजार आटोक्यात आहे, आणि माणूस अंथरुणाला खिळलेला नाही.

मग खर्च. आपल्याकडे महिन्याला औषधांना किती लागतात ते लिहू नका, ते आकडे अमेरिकेत निरर्थक आहेत. मुलीने गोळ्यांची जेनेरिक नावं घेऊन तिकडच्या फार्मसीत विम्याशिवाय काय भाव पडतो ते विचारावं आणि छापून पाठवावं. मेटफॉर्मिनसारख्या जुन्या गोळ्या तिथेही स्वस्त मिळतात. इन्सुलिन किंवा नवी इंजेक्शनं चालू असतील तर चित्र बदलतं, आणि ते आधीच कळलेलं बरं.

सावधान: काही घरांत सल्ला देतात, “स्टेंटचं सांगू नका, छातीवर काही दिसत नाही.” तपासणीत खोटं सांगणं हे आजारापेक्षा फार महाग पडतं. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न ठरला तर ती अपात्रता जन्मभर चिकटू शकते. स्टेंट मात्र कुणाला जन्मभर बाहेर ठेवत नाही.

## टप्पा 5: विमा आणि वय

65 वर्षांवरच्या माणसाला ग्रीन कार्ड मिळालं की मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो, हा गैरसमज आजही ऐकू येतो. अमेरिकेत काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावर पैसे भरून ते घेता येतं. मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेसाठीही नव्या ग्रीन कार्डधारकाला बहुतेक ठिकाणी पाच वर्षं थांबावं लागतं. म्हणजे पहिल्या पाच वर्षांचा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे, आणि खिडकीवर तोच विचारला जाऊ शकतो.

उत्तर कागदावर असावं. नव्या ग्रीन कार्डधारकाला आरोग्य विम्याच्या मार्केटप्लेसवरून योजना घेता येते. मुलीने आपल्या राज्यातल्या, वडिलांच्या वयाच्या माणसाच्या दोन योजनांचे मासिक हप्ते आणि स्वतः भरायची कमाल रक्कम काढून ठेवावी. ‘व्हिजिटर इन्शुरन्स’चं कोटेशन जोडू नका. त्यात जुने आजार बहुधा धरले जात नाहीत, आणि येणारी व्यक्ती आता पाहुणी नाही.

इथेच वडिलांची पेन्शन कामाला येते. हमीपत्रात ती मोजली गेली नव्हती. एकूण चित्रात ती मोजली जाते. महिन्याला अमुक पेन्शन, ठेवीचं व्याज इतकं, राहायची सोय मुलीच्या घरी, त्यामुळे भाडं नाही. अशी बेरीज एका पानावर मांडली की 71 हा नुसता आकडा राहत नाही. आई नातवंडांना सांभाळणार असेल तर तेही लिहा. पाळणाघराचा वाचणारा खर्च हा खरा पैसा आहे, फक्त तो उत्पन्न म्हणून मांडू नका.

तपासा: पूर्वी पाहुणे म्हणून गेले असताना आईवडील तिथल्या रुग्णालयात भरती झाले होते का? बिल कोणी भरलं? थकलं असेल तर आधी मिटवा, आणि पावती किंवा तडजोडीचं पत्र फाइलीत ठेवा. माझ्या ओळखीच्या एका घरात सहा वर्षांपूर्वीच्या बिलाचा विषय खिडकीवर अचानक निघाला. पैसे भरले होते, पावती मात्र नव्हती.

## टप्पा 6: मुलाखतीची फाइल आणि पहिलं वाक्य

दोन फाइली करा, आईची वेगळी आणि वडिलांची वेगळी. ‘ठेवीचे कागद वडिलांच्या फाइलीत आहेत’ असं म्हणून आईची अर्धी सोडू नका. क्रम असा: आय-864, आय-864ए (असल्यास), ताज्या वर्षाचं आयआरएसचं, म्हणजे अमेरिकी कर खात्याचं, ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-2, पगाराच्या स्लिपा, नोकरीचं पत्र, मालमत्तेचे कागद, आणि मग डॉक्टरांचं पत्र, औषधांचा आणि विम्याचा खर्च, पेन्शन. सगळ्यात वर एका पानाचं गणित: सहा माणसं, रेषा 53,937, पगार 46,000, तूट 7,937, पाचपट 39,685, ठेव इतकी.

इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांमध्ये डीएस-5540 नावाची प्रश्नावली आणि आय-944 दिसतील. ते दोन्ही बंद झालेत. त्यांच्यामागे लागू नका.

आईवडिलांना सगळं पाठ करायला लावू नका. पण मुलगी काय काम करते, घरात कोण कोण आहे, आणि ‘आजारी पडलात तर खर्च कोण करणार’ याचं उत्तर त्यांना स्वतःच्या शब्दांत देता आलं पाहिजे. वडील लाजून “मुलगी बघेल सगळं” म्हणतात आणि थांबतात. त्याऐवजी “तिथे विमा घेणार आहोत, हा त्याचा कागद. माझी पेन्शन आहे आणि ठेवही आहे” एवढं म्हणाले तरी बास. मराठीतून मुलाखत मागता येते. मोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा ते नक्कीच चांगलं.

## टप्पा 7: कागद हातात पडला तर

221(जी) असं लिहिलेलं असेल तर फाइल बंद झालेली नाही. मागितलेले कागद नकाराच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत द्यायचे असतात. जे मागितलंय तेच द्या, आणि ते नेमक्या त्याच नावाने द्या. संयुक्त स्पॉन्सर मागितला असेल तर मुलीच्या पगाराच्या आणखी स्लिपा पाठवून वेळ घालवू नका. त्या अधिकाऱ्याने आधीच पाहिल्या आहेत.

212(ए)(4) लिहिलं असेल तर तो पब्लिक चार्जचा नकार. तोही नव्या पुराव्याने उलटवता येतो, पण आधी शोधा की अडलं कुठे. हमीपत्राच्या गणितात अडलं असेल तर टप्पा 1कडे परत जा आणि माणसं पुन्हा मोजा. तब्येतीवर अडलं असेल तर नव्या स्पॉन्सरने भागणार नाही. टप्पा 4 आणि 5चे कागद नव्याने, अधिक नेमके द्यावे लागतील. या वेळी इमिग्रेशन वकिलाची फी वाचवू नका.

वैद्यकीय अहवालाची मुदत साधारण सहा महिने असते, त्यामुळे उत्तर लांबलं तर तपासणीही पुन्हा करावी लागेल. आणि व्हिसा मिळून आईवडील तिकडे पोचल्यावर मुलीने घर बदललं, तर 30 दिवसांत आय-865 भरून नवा पत्ता कळवायचा असतो. सहीनंतरचं हे काम जवळजवळ सगळेच विसरतात.